पन्नास हजारांतले सात हजार चारशे

बेसा, पिपळा, घोगली या पट्ट्यात पूर्वी शेती होती. आता तिथे फ्लॅट स्कीम उभ्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी घरांचा हप्ता मिहानमधल्या पगारावर चालतो. पंचवीस-तिशीतली मुलं-मुली दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलतात, तेव्हा प्रत्येकाच्या फोनवर एक पीडीएफ येते. पहिल्या पानावर वर्षाचा मोठा आकडा ठळक छापलेला असतो आणि शेवटच्या पानावर ‘अ‍ॅनेक्शर’ नावाचा तक्ता असतो. पहिलं पान घरात सगळ्यांना दाखवलं जातं. तक्ता मात्र कोणी नीट वाचत नाही, आणि पगाराचा खरा हिशेब त्या तक्त्यातच असतो.

पगारपत्रकं तयार करण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून आमच्या स्कीममधली मुलं हे तक्ते घेऊन येतात. त्यातला एक इथे उलगडून दाखवतो. सव्वीस वर्षांची मुलगी, दुसरी नोकरी, सीटीसी सहा लाख. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. सहा लाखांना बारांनी भागून तिने महिना पन्नास हजार धरले होते. फ्लॅटचा हप्ता, स्कूटीचा हप्ता आणि घरी द्यायचे पैसे हे सगळं त्याच आकड्यावर बसवलं होतं.

तक्त्यात महिन्याचा हिशेब असा होता: बेसिक २५,०००, घरभाडे भत्ता १०,००० आणि स्पेशल अलाउन्स १०,७९७. या तिन्हींची बेरीज ४५,७९७, आणि तिला नाव होतं ‘ग्रॉस’. त्याखाली एम्प्लॉयर पीएफ ३,००० आणि ग्रॅच्युइटी १,२०३. हे सगळं मिळून पन्नास हजार. पण खात्यात ग्रॉससुद्धा पूर्ण येत नाही. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला जातो. नव्या कररचनेत या पगारावर प्राप्तिकर लागत नाही, तरीही हाती ४२,५९७ उरतात. म्हणजे पन्नास हजारांतले सात हजार चारशे वाटेत थांबतात. यातला काही पैसा तिचाच आहे, काही अटीवर तिचा होणार आहे आणि दोनशे रुपये सरकारचे आहेत. कुठला कोणता, हे भरती करणाऱ्याला ओळीओळीने विचारायचं असतं, आणि ते सही करण्याआधी.

आधी पीएफ. कायदा मूळचा १९५२ चा. कर्मचाऱ्याचे बारा टक्के आणि मालकाचे बारा टक्के, अशी त्याची साधी रचना. मालकाचा वाटा कर्मचाऱ्याच्या वेतनातून कापता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. मात्र ऑफर देतानाच कंपनी ‘तुमच्यावर आमचा एकूण खर्च इतका’ असं सांगते आणि स्वतःचा वाटा त्या खर्चात धरते. सीटीसी ती हीच, आणि ही पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. तेव्हा वर बसलेले ३,००० आणि खाली कापलेले ३,००० हे दोन वेगळे तीन हजार आहेत. दोन्ही तिच्याच पीएफसाठी जातात, पण हाती त्यातला एकही रुपया येत नाही.

गडबड होते ती एका वेगळ्याच प्रकारात. काही तक्त्यांत एम्प्लॉयर पीएफ ग्रॉसच्या बाहेर दाखवलेला असतो, आणि पहिल्या सॅलरी स्लिपमध्ये तो पुन्हा कपातीच्या रकान्यात येऊन बसतो. असं झालं तर मालकाचा वाटा कर्मचाऱ्याकडूनच दुसऱ्यांदा वसूल झाला. हे ओळखायला कायद्याचं पुस्तक लागत नाही, बेरीज लागते. स्लिपमध्ये कमाईचा आणि कपातीचा असे दोन रकाने असतात. कपातीत एम्प्लॉयर पीएफ दिसला, तर तीच रक्कम कमाईच्या रकान्यात आधी मिळवली आहे का ते पाहायचं. मिळवलेली नसेल तर लगेच लेखी विचारायचं. आणि ऑफरच्या वेळीच प्रश्न ठेवायचा: “मालकाचा पीएफ ग्रॉसच्या आत आहे की बाहेर? स्लिपमध्ये तो कुठे दिसेल?”

दुसरी बारीक गोष्ट टक्क्यांची. काही तक्त्यांत मालकाचा वाटा बाराऐवजी तेरा टक्के लिहिलेला असतो. पंचवीस हजारांवर तेरा टक्के म्हणजे ३,२५०. यात वरचा एक टक्का ईडीएलआय या विमा योजनेचा आणि ईपीएफओच्या प्रशासकीय शुल्काचा धरलेला असतो. तो खर्च कंपनीला खरोखर येतो, पण त्यातला पैसा पासबुकात जमा होत नाही. विम्याचा उपयोग आहे, सदस्य नोकरीत असताना गेला तर वारसांना सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण सीटीसीत तेरा टक्के लिहिणारी कंपनी आणि बाराच लिहिणारी कंपनी शेजारी ठेवून तुलना करताना हा एक टक्का बाजूला काढायला हवा.

आता निवडीचा प्रश्न. पीएफसाठी कायद्याने धरलेली वेतनमर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून महिना १५,००० आहे. तिचे बारा टक्के म्हणजे १,८००. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ भरतात, काही १,८०० वरच थांबतात, आणि काही कंपन्या निवड कर्मचाऱ्यावर सोडतात. ही निवड आहे हे बऱ्याचदा सांगितलंच जात नाही, म्हणून विचारावं लागतं. आपल्या मुलीच्या बाबतीत १,८०० धरले असते तर मालकाच्या वाट्यातले वाचलेले १,२०० ग्रॉसमध्ये आले असते आणि तिची स्वतःची कपातही १,२०० नी कमी झाली असती. हाती ४२,५९७ ऐवजी ४४,९९७ आले असते. महिन्याला २,४०० जास्त. आणि पीएफकडे जाणारे सहा हजार घटून ३,६०० झाले असते, म्हणजे तिथे नेमके २,४०० कमी.

कंपनीने यात काही दिलं नाही आणि काही काढूनही घेतलं नाही. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. म्हणून ‘आमच्याकडे इन-हँड जास्त आहे’ असं भरती करणारा म्हणाला, तर पहिला प्रश्न हाच: पीएफ कशावर कापताय, पूर्ण बेसिकवर की १,८००? माझं मत विचाराल तर, हप्ता ४२ हजारांत भागत असेल तर पूर्ण बेसिकवरच पीएफ घ्यावा. २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के होता, आणि स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर त्यावरच्या व्याजाला कर लागत नाही. हाती आलेले २,४०० दर महिन्याला न चुकता बाजूला टाकणारे मी फार थोडे पाहिले आहेत.

मालकाच्या वाट्यातला एक तुकडा मात्र पीएफमध्ये न जाता पेन्शनमध्ये जातो, आणि याची विचारपूस बेशातच काय, कुठेच फारशी होत नाही. १९९५ च्या पेन्शन योजनेत मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के वळवले जातात, पण पंधरा हजारांच्या मर्यादेवरच. म्हणजे जास्तीत जास्त १,२५०. आपल्या मुलीच्या तीन हजारांतले १,२५० पेन्शनला आणि १,७५० पीएफला जाणार. कारण तिच्या पहिल्या नोकरीत, वर्धा रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात, बेसिक १२,००० होता आणि ती तेव्हाच पेन्शन योजनेची सदस्य झाली होती. एकदा सदस्य झालं की पुढे पगार वाढला तरी सदस्यत्व राहतं.

तिच्याच वयाचा एखादा मुलगा पहिल्याच नोकरीत पंचवीस हजार बेसिकवर लागला, तर त्याचं गणित वेगळं. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणारा आणि पंधरा हजारांहून जास्त वेतन असणारा माणूस पेन्शन योजनेचा सदस्य होत नाही. मालकाचे पूर्ण तीन हजार त्याच्या पीएफमध्येच जायला हवेत. पण पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा पर्याय राहून गेला, तर त्याचेही १,२५० वर्षानुवर्षं पेन्शनला जात राहतात. पुढे पीएफ दुसरीकडे वळवताना किंवा काढताना अर्ज अडतो आणि जुन्या मालकाकडून दुरुस्ती करून आणावी लागते. ती कंपनी तोवर बंद झालेली असली तर हाल विचारू नका.

म्हणून रुजू होताना जो फॉर्म ११ भरून घेतात, तो घाईत सही करण्याचा कागद नाही. ‘पूर्वी पीएफचे सदस्य होतात का? पूर्वी पेन्शन योजनेचे सदस्य होतात का?’ हे त्यातले दोन प्रश्न खरे भरायचे आणि जुना यूएएन क्रमांक द्यायचा. नवा यूएएन काढून घ्यायचा नाही. दोन क्रमांक झाले की नोकरीचा काळ तुटक दिसतो, आणि सलग पाच वर्षं भरण्याआधी पीएफ काढला तर त्यावर कर लागतो. जुनं खातं नव्याशी जोडलं की मागची वर्षंही धरली जातात.

या १,२५० मधून पुढे किती मिळतं याचीही कल्पना असावी. पेन्शनपात्र वेतन गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर, असं हे सूत्र आहे. पंधरा हजार वेतन आणि दहा वर्षं सेवा धरली तर महिन्याला सुमारे २,१४३ रुपये. पस्तीस वर्षं भरली तर ७,५००. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार आहे. ती साडेसात हजार करावी म्हणून देशभर जे आंदोलन चाललं, त्याचं केंद्र आपल्या विदर्भातलं बुलढाणा. हे पेन्शनर कोणत्या आकड्यासाठी रस्त्यावर आले ते पाहिलं, की तक्त्यातल्या या ओळीवर म्हातारपण उभं राहणार नाही हे विशीतच कळतं.

दुसरी ओळ ग्रॅच्युइटीची. तक्त्यात ती सगळ्यात लहान असते आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दलच असतो. नियम १९७२ च्या कायद्यापासून चालत आला आहे: सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. महिन्याच्या वेतनाचे पंधरा सव्वीसांश आणि ते बारा महिन्यांत विभागले, की ४.८१ टक्के येतात. म्हणूनच जवळपास प्रत्येक तक्त्यात हा विचित्र आकडा दिसतो. पंचवीस हजारांवर तो बाराशेच्या घरात जातो, वर्षाला साडेचौदा हजारांच्या आसपास.

पण हे पैसे दर महिन्याला तिच्या नावावरच्या कुठल्याच खात्यात पडत नाहीत. कंपनी आपल्या हिशेबात तरतूद करते किंवा समूह ग्रॅच्युइटी योजनेत भरते, आणि नियमित कर्मचाऱ्याला ही रक्कम मिळण्याचा हक्क साधारणपणे सलग पाच वर्षांनंतर येतो. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ही अट नाही. तिने तीन वर्षांनी कंपनी बदलली, तर तीन वर्षांच्या सीटीसीत मोजलेले सुमारे त्रेचाळीस हजार तिला कधीच मिळणार नाहीत. पाच वर्षं राहिली, तर हिशेब तक्त्यातल्या आकड्यांवर होत नाही, शेवटच्या वेतनावर होतो. तोवर बेसिक ३५,००० झाला असेल तर पस्तीस हजार गुणिले पंधरा सव्वीसांश गुणिले पाच, म्हणजे एक लाखाच्या थोडं वर.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ग्रॅच्युइटी द्यावीच लागते. सीटीसीत ती छापली किंवा न छापली, तरी देणं टळत नाही. म्हणून सहा लाखांची ऑफर ग्रॅच्युइटी धरून असेल आणि दुसरीकडची पाच लाख नव्वद हजारांची ऑफर ती न धरता असेल, तर सहा लाखांमधून साडेचौदा हजार वजा करूनच तुलना करायची. उरतात पाच लाख साडेपंच्याऐंशी हजार. लहान दिसणारी ऑफर मोठी निघाली. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याने तर ग्रॅच्युइटीची ओळ तुलनेतून काढूनच टाकावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि या ओळीभोवतीचे दोन प्रश्न बदलले. एक, ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, वर्षभराच्या सेवेनंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. मिहान असो की बुटीबोरी, काम एका कंपनीचं आणि पगार दुसऱ्याच एजन्सीचा, अशा नेमणुका पुष्कळ आहेत. तेव्हा “माझा नियोक्ता नक्की कोण, आणि नेमणूक कायम आहे की मुदतीची?” हे विचारायला विसरू नये. दोन, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. बेसिक मुद्दाम पंधरा हजार ठेवून उरलेलं सगळं स्पेशल अलाउन्समध्ये टाकलं, तरी पंचेचाळीस हजारांच्या पगारात ग्रॅच्युइटीसाठीचं वेतन ढोबळमानाने साडेबावीस हजारांच्या आसपास जातं. तक्ता जुन्या पद्धतीने पंधरा हजारांवर मोजलेला दिसला, तर विचारायला हरकत नाही.

बाकीच्या ओळी सगळ्यांच्या तक्त्यात नसतात. एनपीएसमध्ये कंपनी भरत असेल तर नव्या कररचनेतही बेसिकच्या चौदा टक्क्यांपर्यंत त्यावर करसवलत आहे, पण तो पैसा निवृत्तीसाठी बांधलेला राहतो, सहज हाती येत नाही. सुपरअ‍ॅन्युएशनची ओळ असेल तर एवढंच विचारावं, की किती वर्षं राहिल्यावर ती रक्कम माझी होते आणि आधी सोडली तर तिचं काय होतं.

आता विचारायचं कोणाला आणि कसं. फोनवर बोलणारी व्यक्ती बऱ्याचदा कन्सल्टन्सीची असते. तिचं काम जागा भरण्याचं, पगारपत्रकाचं नाही. आपल्या मुलीने फोनवर विचारलं तेव्हा उत्तर आलं, “इन-हँड बेचाळीसच्या आसपास येईल, बाकी सगळं स्टँडर्ड असतं.” यात त्या बाईंचा दोष नव्हता, त्यांच्याकडे खरोखर तेवढीच माहिती होती. मग मुलीने मेल लिहिला. तो साधारण असा होता:

“नमस्कार मॅडम, ऑफरबद्दल आभार. स्वीकारण्याआधी अ‍ॅनेक्शरमधल्या काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पीएफ पूर्ण बेसिकवर आहे की १,८०० वर, आणि मला निवड करता येईल का? मालकाच्या वाट्यात प्रशासकीय शुल्क धरलं आहे का? माझा जुना यूएएन आहे आणि मी पेन्शन योजनेची सदस्य आहे, ते तसंच चालू राहील ना? ग्रॅच्युइटी सीटीसीच्या आत धरली आहे का, आणि माझी नेमणूक कायम आहे का? या हिशेबाने पहिल्या पूर्ण महिन्याची नमुना सॅलरी स्लिप मिळाली तर मदत होईल. आपल्याकडे ही माहिती नसल्यास कृपया पेरोल टीमकडे पाठवावं.”

या मेलमध्ये पगार वाढवून मागितलेला नाही, म्हणून कोणी नाराज होण्याचं कारण नव्हतं. सगळ्यात कामाची ओळ नमुना स्लिपची. कंपनीने ती दिली की निम्म्या शंका आपोआप मिटतात, कारण स्लिपमध्ये प्रत्येक रुपयाला एक रकाना द्यावाच लागतो. तिला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: पीएफ पूर्ण बेसिकवर, निवड रुजू होतानाच करता येईल, नंतर नाही. ही एक गोष्ट न विचारता कळलीच नसती. तिने पूर्ण पीएफ ठेवला, फ्लॅटचं बजेट बेचाळीस हजारांवर नव्याने बसवलं आणि मग सही केली.

वेळेचंही भान ठेवावं. आकडा तोंडी ठरला आणि पत्र आलं, पण होकार अजून द्यायचा आहे, हाच विचारण्याचा काळ. जुन्या ठिकाणी राजीनामा दिल्यावर हेच प्रश्न विचारले तर उत्तर काहीही आलं तरी हाती पर्याय उरत नाही. उत्तर मेलवरच घ्यावं. आठवडाभर ‘स्टँडर्ड असतं’ याच्या पलीकडे काही येत नसेल, नमुना स्लिप टाळली जात असेल, किंवा ‘आमच्याकडे पीएफ नसतो, सगळं हातात देतो’ असं सांगितलं जात असेल, तर ती ऑफर थांबवून ठेवावी. पीएफ न लागू होण्याची खरी कारणं असतात, पण ती कंपनीला लिहून देता यायला हवीत.

रुजू झाल्यावर शेवटची तपासणी आपल्या हातात आहे. मालकाने एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर ईपीएफओच्या पासबुकात कर्मचाऱ्याचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शन असे तीन आकडे दिसतात. आपल्या मुलीच्या पासबुकात ते ३,०००, १,७५० आणि १,२५० असायला हवेत. स्लिपमध्ये कपात आहे आणि पासबुकात जमा नाही, असं दोन महिने सलग दिसलं तर एचआरला लेखी कळवा. तरीही हाललं नाही तर स्लिप, बँकेचा उतारा आणि ऑफर लेटरचा तक्ता घेऊन ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा रघुजीनगरच्या प्रादेशिक कार्यालयात जा. बेशाहून मानेवाडा मार्गे तिथे थेट जाता येतं.